एक्केचाळीस नंबरची क्लिप

त्या स्टुडिओत एकेकाळी अकरा माणसं कामाला होती. आता तीन उरली होती, आणि त्यातलं एक मालक होतं, म्हणजे कामाची दोनच. मालकांना पाठीमागे सगळे ‘दूरदृष्टी’ म्हणायचे. त्यांना पुढच्या दहा वर्षांत सिनेमाचं काय होणार ते लख्ख दिसायचं. समोरच्या टेबलावरचा चष्मा मात्र रोज कुणीतरी शोधून द्यावा लागे.

दुसरा मांत्रिक. आधी हा कॅमेरामन होता, चांगला वीस वर्षं. कॅमेरे विकले गेले तेव्हा दूरदृष्टींनी त्याला एक कीबोर्ड दिला आणि म्हणाले, आता यात लिही, दृश्य आपोआप येतं. तेव्हापासून हा दिवसभर स्क्रीनपुढे पुटपुटत बसायचा, ‘मध्यमवयीन कामगार, निळा शर्ट, खिसा नाही, भांग नाही, छोट्या मिशा,’ आणि एंटर दाबून दैवाची वाट बघायचा. मंत्र चालला तर आठ सेकंदांची क्लिप. नाही चालला तरी आठ सेकंदांची क्लिपच, फक्त कामगाराला तीन हात.

आणि तिसरी ती, एडिटर. बावीस वर्षं तुकडे जोडत आलेली. कामगारांच्या सुरक्षेची फिल्म बनवायचं काम आलं तेव्हा ते तिच्याच ओळखीनं आलं होतं. तिची भाची पत्र्याच्या कारखान्यात नुकतीच लागली होती आणि राहायलाही मावशीकडेच आली होती. बहिणीनं स्टँडवर सोडताना बजावलं होतं, ‘तुझ्या भरवशावर पाठवतेय हं.’ कारखान्याला नव्या बॅचसाठी पाच मिनिटांची फिल्म हवी होती. शूटिंगसाठी मशीन बंद ठेवायला मात्र कारखाना तयार नव्हता. दूरदृष्टींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“शूटिंग हवंय कशाला! मशीनचा एक फोटो द्या म्हणावं. बाकी सगळं एआय करतो. मॅडम, तुम्ही फक्त जोडा.”

फक्त जोडा! जणू काही चादरीला ठिगळ लावायचं होतं.

गोष्ट साधी होती. एक जुना कामगार, त्याला हे लोक ‘दादा’ म्हणत. एक नवी मुलगी. दादा तिला पत्रा सरळ करणारं रोलर मशीन शिकवतो. मुलीची बाही रोलरमध्ये ओढली जाते, ती लाल बटणावर हात मारते, मशीन थांबतं, मुलगी वाचते. शेवटी दोघं हसतात. एवढंच. पण आठ-आठ सेकंदांच्या तुकड्यांतून हे उभं करायचं, आणि प्रत्येक तुकडा काढणाऱ्या त्या यंत्राला मागच्या तुकड्यात काय होतं याची शुद्ध नाही! पहिल्या क्लिपमध्ये दादा पंचेचाळीस वर्षांचा, दुसरीत पस्तिशीचा, तिसरीत त्याच्या मिशा गायब, चौथीत मिशा आल्या पण दादा कुणी वेगळाच. कारखान्याला एकदा चार खिडक्या, एकदा सात.

मांत्रिकानं आधी शॉर्टकट मारला. एका क्लिपची शेवटची फ्रेम घ्यायची आणि तीच पुढच्या क्लिपची पहिली म्हणून द्यायची. दोन-तीन क्लिपांपर्यंत झकास चाललं. सहाव्या क्लिपला दादाचं तोंड मेणाचं झालं होतं, रंग भडक झाले होते, आणि नवव्याला दादा दादाचा लांबचा चुलतभाऊ वाटायला लागला.

“अरे, झेरॉक्सची झेरॉक्स काढतोयस तू,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी थोडं थोडं घसरतंय, आणि ते घसरलेलं तू पुढे ढकलतोयस. दर वेळी मूळ चित्राकडे परत ये.”

मग तिनं कायदे केले. दादाचं एक मूळ चित्रपत्रक: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून. मुलीचं तसंच. मशीनच्या फोटोवरून शेडची तीन मूळ चित्रं, खिडक्या पाचच. प्रत्येक क्लिपला हीच चित्रं जोडायची आणि वर्णन शब्दन्‌शब्द तेच. मांत्रिकाला कितीही कविता सुचली तरी ‘निळा’ ऐवजी ‘आकाशी’ लिहायचं नाही. शेवटची फ्रेम पुढे न्यायची ती फक्त एकदाच. आणि दोन क्लिपांमध्ये चेहरा थोडा बदललेला असेल तर मध्ये हाताचा, बुटाचा, रोलरचा क्लोजअप घालायचा. बघणारा चेहरा विसरतो तेवढ्यात.

तिचा सगळ्यात हुशारीचा कायदा मात्र वेगळाच होता. एआयला डावं-उजवं कळत नाही हे तिच्या पहिल्या दोन दिवसांतच लक्षात आलं होतं. ‘दादा उजवीकडून येतो’ असं लिहावं तर तो खुशाल डावीकडून यायचा. संवादात दादा आणि मुलगी एकमेकांकडे बघण्याऐवजी दोघंही एकाच बाजूला बघायचे. मग करायचं काय? क्लिप फ्लिप करायची, आरशात दिसते तशी उलटी. म्हणून तर तिनं दादाला भांग दिला नव्हता, शर्टाला खिसा दिला नव्हता, भिंतीवर एक अक्षर लिहू दिलं नव्हतं. उलटं केलं तरी कुणाच्या बापाला कळू नये!

“बाई, मानलं तुम्हाला,” मांत्रिक म्हणाला.

“मानायलाच पाहिजे,” ती म्हणाली. नम्रपणा तिच्या कुंडलीत नव्हता.

चारशेवर क्लिप निघाल्या, त्यातल्या बासष्ट वापरल्या. अकरा फ्लिप केल्या. आणि एक्केचाळीस नंबरची क्लिप तर तिनं जिवापाड जपली होती. आधीच्या क्लिपमध्ये बाही ओढली जाते, मुलीचे डोळे विस्फारतात, आणि हात हलायला लागतो न लागतो तोच कट. एक्केचाळीसच्या पहिल्याच फ्रेममध्ये तळवा लाल बटणावर, धाड! हालचालीच्या ऐन मध्यावर कापलं होतं तिनं. बघणाऱ्याचा स्वतःचा हात खुर्चीत हलायचा. ती क्लिप तिनं तीनदा फिल्ममध्ये घातली, वेगवेगळ्या वेगानं, म्हणजे डोक्यात पक्की बसेल.

कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरबाई फिल्म पाहायला आल्या. त्यांनी वहीत बघून तपासलं. बूट आहेत. गॉगल आहे. मुलीचे केस बांधलेले आहेत. बटण लाल आहे. त्यांच्याबरोबर आलेले ऑफिसचे तीन साहेब तर भारावूनच गेले, कारण तिघांपैकी एकानंही रोलर मशीन जवळून पाहिलं नव्हतं. दूरदृष्टींनी सगळ्यांशी हात मिळवत सांगितलं की हे त्यांचं व्हिजन होतं. एडिटर कोपऱ्यात उभी राहून हसली. तिला काय, सवय होती.

शनिवारी कारखान्यानं फिल्म नव्या बॅचच्या चाळीस जणांना फोनवर पाठवून दिली. सोमवारी मशीनवर पहिला सराव होता.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि भाची फ्रिजसमोर उभी होती.

“मावशी, इकडे बघ. हा फ्रिज म्हणजे रोलर. बघतेयस ना?”

“बघतेय गं बाई, बोल.”

“तीस वेळा पाहिली मी तुझी फिल्म. कालपासून झोपेतसुद्धा तेच. बघ हं. पत्रा लावला, पत्रा सरकला, बाही अडकली...” भाचीनं डोळे विस्फारले, अगदी त्या मुलीसारखे, आणि फ्रिजच्या अंगावर तळवा मारला. धाड! वरचा डबा घरंगळला.

मावशीला काय वाटलं म्हणून सांगू! बावीस वर्षांत तिनं पंख्यांच्या जाहिराती जोडल्या, लग्नं जोडली, पुढाऱ्यांची भाषणं जोडली. कुणी एकदा तरी असं पाहिलं होतं का तिचं काम? तिचा ऊर भरून आला. ती डबा उचलायला वाकली, उठली, आणि तिची नजर भाचीच्या हातावर गेली.

हात डावा होता.

“हा हात का गं?”

“म्हणजे? बटण डावीकडे आहे ना.”

“उजवा चालला असता.”

“नाही ना मावशी, फिल्ममध्ये ती डाव्याच हातानं मारते. तिन्ही वेळा. डावीकडे खांबावर, खांद्याच्या उंचीला. आंधळीसुद्धा मारेल आता.”

मशीनचा तो एकुलता एक फोटो तीन आठवडे तिच्या स्क्रीनच्या वर चिकटवलेला होता. डोळे मिटले तरी दिसायचा. पाच खिडक्या. रोलर. आणि लाल बटण खांबावर, उजवीकडे.

तिनं कपडेसुद्धा बदलले नाहीत. स्टुडिओची किल्ली घेतली, तशीच निघाली, आणि प्रोजेक्ट उघडून बघितलं. एक्केचाळीस नंबर. फ्लिप. मुलीनं दादाकडे बघायला हवं म्हणून. सुरुवातीला पूर्ण मशीन दाखवणारी तीन नंबरची क्लिप, तीही फ्लिप, दादा उजवीकडून यायला हवा म्हणून. बाकी सगळीकडे मशीन जवळून होतं, बटण चौकटीबाहेर. म्हणजे सबंध फिल्ममध्ये बटण जिथे दिसत होतं तिथे डावीकडेच दिसत होतं. काय सातत्य! कुठे म्हणून चूक सापडू नये असं. तिनं प्रत्येक क्लिपमध्ये बटण आहे का, लाल आहे का, गोल आहे का हे तपासलं होतं. कुठल्या बाजूला आहे हे बघायचं तेवढं राहिलं होतं.

फोनवर दूरदृष्टी जेवत होते.

“मॅडम, फिल्म पास झालीय. पास झालेल्या फिल्मला हात लावायचा नसतो.”

“सर, बटण उलट्या बाजूला आहे.”

“अहो, बघणाऱ्याला डावं-उजवं कळत नाही, भावना कळतात.”

“भावनेनं मशीन थांबत नाही, सर! खऱ्या मशीनला डावीकडे काहीही नाही. नुसता लोखंडी खांब आहे.”

“आणि क्लिपा उलट्या कुणी केल्या? मी केल्या का?”

एवढी एक गोष्ट मात्र दूरदृष्टींना अगदी जवळून दिसली होती.

“मी केल्या,” ती म्हणाली. “म्हणूनच सुलट्या करायला मीच बसलेय.”

“तुम्ही बदललेली फिल्म तिकडे पाठवायची नाही. लोक म्हणतील, यांना एक बटण धड दाखवता येत नाही. कळलं ना?”

कळलं होतं. तिनं फोन ठेवला आणि मांत्रिकाला बोलावलं. तो लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमातून उठून आला. दोघांनी आधी समोरून घेतलेली नवी क्लिप काढायचा प्रयत्न केला, म्हणजे कुणी कुणाकडे बघायचा प्रश्नच येणार नाही. एआयनं एकदा दोन्हीकडे बटणं दिली, एकदा बटण मुलीच्या कपाळावर दिलं, एकदा मुलगीच दिली नाही. पाच वाजेपर्यंत हेच चाललं.

“सोड,” ती म्हणाली. “अकराही फ्लिप काढून टाकते. दिसेल तसं दिसेल.”

दिसलं ते भयंकरच. दादा आणि मुलगी संवाद म्हणत होते, पण दोघांची तोंडं एकाच दिशेला, जणू शेजारी उभे राहून बसची वाट बघतायत. दादा डावीकडून बाहेर गेला आणि पुन्हा डावीकडूनच बाहेर गेला. एक्केचाळीस नंबरच्या क्लिपपाशी हात एका बाजूनं निघायचा आणि दुसऱ्याच बाजूला पोचायचा, आणि तो सुंदर कट एखाद्या नवशिक्यानं मारल्यासारखा उडी खायचा. बटण मात्र उजवीकडे होतं.

“बाई, ही फिल्म कुणाला दाखवू नका,” मांत्रिक कळवळून म्हणाला.

“चाळीस जणांना दाखवणार आहे,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती भाचीबरोबरच कारखान्यात गेली. सेफ्टी ऑफिसरबाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

“पण मी तपासली होती हो! बूट, गॉगल, केस...”

“तुमची चूक नाही. मी उलटी केली. मीच.”

त्यांनी वही मिटली. बाई भित्र्या होत्या, पण वाईट नव्हत्या. ट्रेनिंगच्या खोलीत त्यांनी नवी फिल्म लावली. पहिल्याच संवादाला मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्या मिनिटाला सगळी खोली हसत होती. “जुनी भारी होती,” कुणीतरी म्हणालं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि आपल्याच कामावर हसणारी चाळीस माणसं बघत होती. मग बाईंनी पुढे येऊन तीनदा सांगितलं, “बटण उजवीकडे. परत म्हणा. उजवीकडे.” सगळ्यांनी शाळेतल्यासारखं म्हटलं, उजवीकडे. तिला जरा हायसं वाटलं.

मग सगळे शेडमध्ये गेले. फोरमन मशीनपाशी उभा होता, केस पिकलेले, बोलणं मोजकं. मशीनची वीज तोडलेली होती. एकेकानं समोर उभं राहून पत्रा लावायचा, आणि फोरमन कधीही, न सांगता, ‘बाही!’ म्हणून ओरडणार. की लगेच बटण.

पहिल्यानं डावीकडे हात मारला. नुसत्या खांबावर. सगळे हसले. दुसरीनंही डावीकडेच. तिसऱ्याचा हात मध्येच अडखळला, डावीकडे निघाला, थांबला, मग उजवीकडे गेला. फोरमन मनातल्या मनात सेकंद मोजत होता, आणि हसणं हळूहळू बंद झालं.

भाची सातवी होती. तिनं पत्रा लावला. मागे वळून मावशीकडे बघून हसली सुद्धा. उजवीकडे, माहितीये, अशा अर्थी तिनं मान हलवली.

“बाही!”

डोळे विस्फारले आणि डावा तळवा लोखंडावर आपटला. धाड! आवाज अगदी तोच. हात तिथेच राहिला, खांबावर, रिकाम्या जागी.

“मावशी,” ती म्हणाली, “मला माहीत होतं गं. आत्ताच तर म्हटलं. माहीत होतं तरी गेला हात.”

मावशीनं तो तळवा हातात घेतला. लाल झाला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. बावीस वर्षांत तिचा एकही कट कुणाच्या अंगात इतका भिनला नव्हता. भिनला तो हा, आणि तोही उलटा.

चाळिसांपैकी एकतीस जणांचे हात डावीकडे गेले. फोरमननं सराव थांबवला.

“या बॅचला आठवडाभर मशीनजवळ फिरकू द्यायचं नाही,” तो सेफ्टी ऑफिसरबाईंना म्हणाला. “आणि डाव्या खांबावरही एक बटण बसवून घ्या. एवढ्या जुन्या मशीनला एकच बटण असायलाच नको होतं. मी चार वर्षं लिहून देतोय. तेवढं तरी या फिल्मनं होऊ दे.” मग तो एडिटरकडे वळला. “ती पहिली फिल्म तुम्हीच केलेली?”

“हो.”

“मी पण पाहिली. माझासुद्धा हात सकाळी डावीकडे गेला होता. सव्वीस वर्षं आहे मी या मशीनवर.” तो रागावला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. “अजून फोनवर असेल ती सगळ्यांच्या. हे बघत राहतील.”

तासाभरानं दूरदृष्टींचा मेसेज आला. ऑफिसच्या साहेबांचा फोन आला होता म्हणे, दोन्ही बाजूंना बटणं बसवतायत, आपल्या फिल्ममुळे मशीन सुधारलं, हेच आपलं व्हिजन होतं. तिनं तो वाचला आणि फोन पिशवीत टाकला.

शेडबाहेर एक बाकडं होतं. ती तिथे बसली आणि बाईंना म्हणाली, “एकेकाला पाठवा. फोन घेऊन.”

एकेक जण येत गेला. ती फोन हातात घ्यायची, फिल्म शोधायची, डिलीट करायची, मग कचऱ्याच्या खान्यातूनही काढून टाकायची. कुणी दोघांना पुढे पाठवली असेल तर त्यांची नावं लिहून घ्यायची. काहींनी फिल्म आवडली म्हणून वेगळी जपून ठेवली होती, तीही शोधली. एकाच्या फोनवर फक्त एक्केचाळीस नंबरचा तुकडा कापून ठेवलेला सापडला, पुन्हा पुन्हा बघायला. तिनं तो एकदा पाहिला. काय कापलं होतं! मग काढून टाकला.

शेवटी भाची आली. तिनं फोन पुढे केला, पण सोडला नाही.

“मावशी, माझ्याकडे तरी राहू दे ना. मी नाही बघणार सारखी. किती सुंदर झालीय गं ती.”

“म्हणूनच,” मावशी म्हणाली, आणि फोन तिच्या हातातून काढून घेतला.